एमआरआय काढला चक्करसाठी, रिपोर्टात निघालं सायनसमध्ये पाणी

सुमेधा_नाशिक
नमस्कार मंडळी. नवऱ्याला (वय ४६) पंधरवड्यापासून चक्कर येतेय, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी ब्रेनचा एमआरआय काढायला सांगितला. मेंदू एकदम नॉर्मल आहे, तिथे जीव भांड्यात पडला. पण खाली लिहिलंय की दोन्ही मॅक्सिलरी सायनसमध्ये माइल्ड म्युकोसल थिकनिंग, डावीकडे ४ मिमी, डावीकडे थोडी एअर-फ्लुइड लेव्हल, उजवीकडे १२ मिमीची रिटेन्शन सिस्ट, दोन्हीकडच्या अँटेरिअर एथमॉइडमध्ये पॅची थिकनिंग, आणि शेवटी "सजेस्टिव्ह ऑफ सायनसायटिस, क्लिनिकली कोरिलेट करा". डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलंय आणि ईएनटीला दाखवा म्हणाले. नणंदेचं म्हणणं की दुर्बिणीतून साफ करूनच टाका, तिच्या ओळखीत एकाचं केलंय. आता गंमत अशी की ह्यांना नाकाचा काहीच त्रास नाही, नाक चोंदत नाही, वास येतो, चेहरा दुखत नाही. एमआरआयच्या आधी तीन-चार दिवस सर्दी झाली होती तेवढंच. मग हे पाणी आलं कुठून आणि चक्कर त्याचीच आहे का?

बापू_इचलकरंजी
सुमेधाताई, पाणी साठलंय म्हणजे आतमध्ये इन्फेक्शन आहेच, त्रास आज नाही तर उद्या होणार. डोकं जड झालं की चक्कर येणारच ना. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा, मधेच सोडू नका, आणि रोज रात्री निलगिरीचा वाफारा. आमच्याकडे सगळ्यांना सायनस आहे, सुताची धूळ, काय करणार.

मिनल७९
माझ्या ईसीजीवर पण सायनस लिहून आलंय, "नॉर्मल सायनस ऱ्हिदम". मला पण ईएनटीकडे जावं लागेल का? नाक तर ठीक आहे माझं.

पराग_ठाणे
@मिनल७९ अहो ताई ते हृदयाचं आहे, ठोके व्यवस्थित पडतायत असा त्याचा अर्थ. नाकाशी काही देणंघेणं नाही, निवांत राहा.

फिल्मरीडर
रेडिओलॉजीत आहे, असले रिपोर्ट रोज लिहितो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुमेधाताई, तुमच्या मिस्टरांच्या रिपोर्टातली एकूण एक गोष्ट मी कसलाही त्रास नसलेल्या माणसांच्या स्कॅनवर बघतो. अपघातात डोक्याला मार लागला म्हणून सीटी काढलेला तरुण, फिट आली म्हणून एमआरआय काढलेल्या बाई, कोणीही घ्या, बऱ्याच जणांच्या गालामागच्या पोकळीत काही ना काही राखाडी दिसतंच.

कारण असं की सायनसच्या आतलं अस्तर म्हणजे भिंतीला लावलेला रंग नव्हे, ती जिवंत, रक्ताने भरलेली कातडी आहे. सर्दी, धूळ, अ‍ॅलर्जी, सिगरेटचा धूर, कशानेही ती फुगते आणि परत बसते. काहीच झालेलं नसतानाही नाकाची एक बाजू काही तास फुगलेली आणि दुसरी मोकळी असते, मग बाजू बदलते, ही अदलाबदल दिवसभर चालू असते आणि एथमॉइडच्या बारीक कप्प्यांचं अस्तरही तिच्याबरोबर फुगतं. त्याच माणसाचा एमआरआय सकाळी आणि संध्याकाळी काढला तर हे जाडेपण वेगवेगळं दिसू शकतं. म्हणून ३ मिमीपर्यंतच्या जाडीकडे आम्ही फारसं बघतसुद्धा नाही, ४ मिमी म्हणजे त्याच्या काठावरच.

आता पाणी. मॅक्सिलरी सायनसचं भोक तळाला नसतं, वर छताजवळ असतं. आत तयार होणारा पातळ चिकट थर अस्तरावरचे बारीक केस खालून वर ढकलत ढकलत त्या भोकापर्यंत नेतात. सर्दीत हे केस मंदावतात, भोकाच्या तोंडाशी सूज येते, स्राव घट्ट होतो, मग निचरा थांबतो आणि तळाला थोडं साठतं. त्यात आपण जोर लावून नाक शिंकरतो. २००० साली एका अभ्यासात दाखवलंय की नाक शिंकरताना नाकातला द्रव दाबाने सायनसमध्ये ढकलला जातो, आणि गंमत म्हणजे शिंक किंवा खोकल्यात तेवढा दाब तयार होत नाही. तर सर्दीनंतर चार दिवसांनी काढलेल्या स्कॅनमध्ये पाणी दिसलं यात मला तरी नवल वाटत नाही.

बापू_इचलकरंजी
म्हणजे पाणी दिसलं तरी इन्फेक्शन नाही? मग रिपोर्टात सायनसायटिस का लिहितात तुम्ही लोक?

फिल्मरीडर
बापूकाका, इन्फेक्शन आहेच की, सर्दीच्या व्हायरसचं. पण त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाच्या डॉक्टरांनी साधी ताजी सर्दी झालेल्या ३१ लोकांचे सीटी काढले. २७ जणांच्या मॅक्सिलरी सायनसमध्ये बिघाड दिसला. अँटिबायोटिक एकालाही दिलं नाही. दोन आठवड्यांनी १४ जणांचा सीटी परत काढला तर ११ जणांचा साफ झाला होता किंवा बराच सुधारला होता. म्हणजे सर्दी झाली की सायनस भरतातच, तो सर्दीचाच भाग आहे, आणि सर्दीबरोबर ते जातंही.

त्रास उद्या होऊ शकतो हे तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे, पू होऊ शकतो. पण तो स्कॅनवरून ओळखता येत नाही, स्कॅनवर पाणी आणि पू पुष्कळदा सारखेच दिसतात. ते ओळखायचं माणसाकडे बघून. दहा दिवस होऊन गेले तरी सर्दी उतरत नाही, किंवा बरी होता होता पुन्हा उलटली, ताप चढला, एका बाजूचा गाल ठणकतोय, घट्ट पिवळा स्राव येतोय, असं असलं तर गोष्ट वेगळी. मिस्टरांना यातलं काही आहे का?

आणि सायनसायटिस का लिहितो, तर खरं सांगू, सवय. आणि थोडी भीती. लिहिलं नाही आणि पुढे काही झालं तर "रेडिओलॉजिस्टने सांगितलं नाही" असं होतं. मी स्वतः आता नुसतं "मायनर म्युकोसल थिकनिंग, इन्सिडेंटल" एवढंच लिहितो, पण सगळे तसं लिहीत नाहीत.

सुमेधा_नाशिक
नाही हो, ताप नाही, गाल ठणकत नाही, सर्दी तर पाचव्या दिवशी गेली पण. फिल्म बघून मला काही कळेल का? पांढरं पांढरं काहीतरी दिसतंय दोन्हीकडे.

फिल्मरीडर
कळेल की. गालाच्या हाडामागे दोन त्रिकोणी काळ्या पोकळ्या दिसतील, काळं म्हणजे हवा. तुमच्याकडे टी-२ची चित्रं असतील, ज्यात डोळ्यांचे गोळे पांढरेशुभ्र दिसतात ती. त्यात फुगलेलं अस्तरही पांढरं दिसेल, कडेकडेने पट्टी असल्यासारखं. माणूस मशीनमध्ये उताणा झोपलेला असतो, त्यामुळे पाणी पाठीच्या बाजूला जमतं आणि त्याची वरची कड सरळ रेषेत असते. सिस्ट असेल तर कड सरळ नसते, भिंतीला चिकटून आत फुगलेला गुळगुळीत घुमट दिसतो, पुरीचा वरचा भाग असावा तसा. तो एका बंद पडलेल्या ग्रंथीत साठलेला स्राव आहे, वर्षानुवर्षं तिथेच राहतो, कधी आपोआप फुटून जातो, नाकातून पिवळसर पाणी आलं तर घाबरू नका.

पराग_ठाणे
थोडं विषयांतर, पण लिहितोच. मला कितीतरी वर्षं "सायनसचं डोकं" होतं. कपाळ, डोळ्यामागे, गालात दुखायचं, सकाळी जास्त, नाकातून पाणी पण यायचं. दरवेळी सीटी, दरवेळी थोडं थिकनिंग, दरवेळी अँटिबायोटिक, एकदा तर ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली होती. शेवटी एका न्यूरोलॉजिस्टने तीनच प्रश्न विचारले, दुखताना उजेड सहन होतो का, मळमळतं का, काम थांबवून झोपावं लागतं का. मायग्रेन निघालं. औषध चालू केलं, डोकं थांबलं. मजा म्हणजे थिकनिंग अजून तसंच आहे, मागच्या सीटीत पण होतं.

फिल्मरीडर
पराग, विषयांतर अजिबात नाही, हाच मुद्दा आहे. "मला सायनसचं डोकं आहे" असं स्वतःच ठरवलेल्या जवळजवळ तीन हजार लोकांवर अमेरिकेत अभ्यास झालाय, २००४ साली आला. त्यातल्या ८८ टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या जातीचं निघालं. मायग्रेनमध्येही नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून फसगत होते. आणि स्कॅनवर थोडं राखाडी दिसलं की झालं, पुरावा सापडला.

सुमेधा_नाशिक
मग नक्की किती दिसलं की काळजी करायची? काहीतरी माप असेल ना.

फिल्मरीडर
माप आहे, सीटीसाठी वापरतात, लुंड-मॅके स्कोअर म्हणतात. प्रत्येक बाजूला पाच सायनस मोजतात (मॅक्सिलरी, पुढचं एथमॉइड, मागचं एथमॉइड, स्फेनॉइड, फ्रंटल). साफ असेल तर ०, थोडं भरलेलं १, पूर्ण भरलेलं २. शिवाय मधला निचऱ्याचा मार्ग बंद असेल तर २. दोन्ही बाजू मिळून जास्तीत जास्त २४. आता २००१ मध्ये एका अभ्यासात सायनसचा आजार नसलेल्या लोकांचेच सीटी असे मोजले, तर त्यांची सरासरी ० नाही, ४च्या थोडी वरच आली.

तुमच्या मिस्टरांचं मोजू. डावं मॅक्सिलरी थोडं भरलेलं, १. उजवीकडे सिस्ट आणि थोडं थिकनिंग, १. दोन्हीकडचं पुढचं एथमॉइड, १ आणि १. मागचं एथमॉइड, स्फेनॉइड, फ्रंटल यांचा रिपोर्टात उल्लेख नाही, म्हणजे ०. निचऱ्याच्या मार्गाबद्दलही काही लिहिलेलं नाही. झाले ४. तुमचा एमआरआय आहे, हा स्कोअर सीटीचा आहे, एमआरआयवर तर अस्तर जरा जास्तच ठळक दिसतं, त्यामुळे हे काटेकोर धरू नका, अंदाज यावा म्हणून मांडलं.

शिवाय जुनाट सायनसायटिस म्हणायला १२ आठवडे त्रास असावा लागतो, नाक चोंदणं, स्राव, चेहऱ्यावर दाब, वास कमी होणं यापैकी किमान दोन, आणि त्यात पहिल्या दोघांपैकी एक हवंच. मग स्कॅन किंवा दुर्बीण. त्रासच नसेल तर नुसत्या स्कॅनवर निदान होत नाही.

अनघा_अमरावती
हे सगळं पटतंय, पण मला एक विचारायचंय. २०२१ च्या मे महिन्यात बाबांना कोविडनंतर म्युकर झाला होता. शुगर वाढलेली, स्टेरॉइड चालू. त्यांच्या पहिल्या रिपोर्टातसुद्धा "म्युकोसल थिकनिंग" एवढंच लिहिलं होतं. तेव्हा सगळे म्हणाले सर्दी असेल. तीन दिवसांत गाल सुन्न पडला, डोळा सुजला. एक डोळा वाचला नाही. मग हे "काही नाही" म्हणणं बरोबर आहे का?

फिल्मरीडर
अनघाताई, वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते इथे लिहिलंत ते बरं केलंत. म्युकरची सुरुवात स्कॅनवर साध्या थिकनिंगसारखी दिसू शकते. फरक फिल्ममध्ये शोधायचा नसतो, माणसात शोधायचा असतो. शुगर हाताबाहेर गेलेली, स्टेरॉइड, किमो, किडनी ट्रान्सप्लांट, असं काही असेल आणि त्यात गाल किंवा दात सुन्न पडले, डोळा सुजला, दोन दोन दिसायला लागलं, नाकातून काळपट काही आलं, तर त्याच दिवशी ईएनटीकडे जाऊन दुर्बिणीने बघायचं, गरज पडली तर तुकडा तपासायला द्यायचा. अशा वेळी "माइल्ड" या शब्दावर विसंबायचं नाही.

आणखी एक, एमआरआय फसवूही शकतो. बुरशीचा गोळा किंवा खूप सुकलेला स्राव टी-२वर काळा दिसतो, म्हणजे हवेसारखाच. पोकळी मोकळी आहे असं वाटतं आणि आत गच्च भरलेलं असतं. शंका असेल तर सीटी लागतो, हाड कुरतडलंय का तेही त्यातच नीट कळतं.

दातवाला_सातारा
डेंटिस्ट आहे, माझे दोन पैसे. एकाच बाजूचं मॅक्सिलरी सायनस भरलेलं असेल तर आधी वरचे दात बघा. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला खेटून असतात, काहींच्यात तर मध्ये पातळ पापुद्रा तेवढा. मूळ सडलं की वरचं अस्तर फुगतं, आणि कित्येकांना दात दुखतसुद्धा नाही, कारण नस आधीच मेलेली असते. माझ्याकडे एक काका आले होते, "सायनससाठी" चार वेळा अँटिबायोटिक घेऊन झालेलं, तक्रार एवढीच की एका नाकपुडीत घाणेरडा वास येतो, बायकोला येत नाही पण ह्यांना येतो. वरच्या सहाव्या दाताची जुनी रूट कॅनाल अर्धवट होती. साध्या एक्सरेत नीट दिसत नव्हतं, सीबीसीटीत मुळाच्या टोकाशी काळं वर्तुळ आणि बरोबर त्याच्यावर अस्तराचा फुगा. सुमेधाताई, डाव्या बाजूला वर रूट कॅनाल, कॅप, काढलेली दाढ असं काही आहे का मिस्टरांचं?

सुमेधा_नाशिक
वर काही नाही, खाली एक कॅप आहे उजवीकडे.

दातवाला_सातारा
खालच्याचा संबंध नाही. मग दात सोडून द्या.

बापू_इचलकरंजी
बरं, पण चक्करचं काय? सगळे सायनसवरच बोलताय. मला तर अजूनही वाटतं की डोकं भरलेलं असलं की चक्कर येते.

श्रुती_पीटी
मी फिजिओ आहे, चक्करचे पेशंट बघते. सुमेधाताई, चक्कर कधी येते? कूस बदलताना, गादीवर आडवं होताना, वरच्या फळीवरचं काही काढताना, आणि मिनिटाच्या आत थांबते, असं आहे का? की दिवसभर डोलल्यासारखं वाटतं?

सुमेधा_नाशिक
अगदी अगदी, कूस बदलली की खोली फिरते, म्हणून हे हल्ली उजव्या कुशीवर झोपतच नाहीत. एरवी काही नाही.

श्रुती_पीटी
मग आतल्या कानातले कण सरकलेले असण्याची शक्यता जास्त. एमआरआयमध्ये ते दिसत नाहीत. ईएनटीकडे जाणारच आहात तर डिक्स-हॉलपाइक करायला सांगा, म्हणजे मान वळवून पटकन आडवं करतात आणि डोळ्यांची थरथर बघतात. तसं निघालं तर तिथल्या तिथे मान फिरवून कण जागेवर नेता येतात. यूट्यूब बघून घरी करू नका, आधी बाजू नक्की करून घ्या.

सुमेधा_नाशिक
अपडेट. ईएनटीकडे जाऊन आलो. श्रुतीताईंनी सांगितलं तेच निघालं, उजवा कान. एकदा मान फिरवली, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. नाकात दुर्बीण घालून बघितली, निचऱ्याच्या मार्गात पू नाही, पॉलिप नाही. सायनससाठी काहीच दिलं नाही, अँटिबायोटिकही बंद करायला सांगितलं. हाड थोडं वाकडं आहे म्हणाले, पण "असू दे, निम्म्या गावाचं असतं". आता प्रश्न सिस्टचा. ह्यांना कामासाठी विमानाने ये-जा करावी लागते. सिस्ट फुटेल वगैरे काही?

पराग_ठाणे
माझ्या एका मित्राला विमान उतरताना गालात सुरी खुपसल्यासारखं दुखलं होतं, सिस्टच होती त्याला.

फिल्मरीडर
पराग, त्याला तेव्हा सर्दी होती का? कारण विमान उतरताना दुखतं ते बहुतेक वेळा भोक सुजून बंद झालेलं असतं म्हणून, आतली आणि बाहेरची हवा सारखी होत नाही. १२ मिमीच्या तळाच्या सिस्टने छताजवळचं भोक बंद होणं अवघड आहे. सुमेधाताई, सर्दी गच्च असताना शक्यतो उडायचं टाळा, एरवी या सिस्टसाठी मी तरी प्रवास थांबवला नसता. सिस्ट वाढत वाढत अख्खी पोकळी भरली, किंवा हाड पातळ होऊन फुगलं, किंवा दरवेळी त्याच बाजूला त्रास व्हायला लागला तर बघू.

पराग_ठाणे
सर्दी होती का ते आठवत नाही, विचारून सांगतो. पण त्याच्या सर्जनने मोठी होती म्हणून काढली आणि त्यानंतर त्याला त्रास नाही, हेही खरं आहे.

फिल्मरीडर
मोठ्या सिस्टवर सगळ्यांचं एकमत नाही, हे मान्य. काही सर्जन काढतात, काही वर्षभराने परत बघू म्हणतात. तुझ्या मित्राची किती मोठी होती, अर्ध्याहून जास्त पोकळी भरली होती का? रिपोर्ट मिळाला तर आकडा टाक इथे.

अनघा_अमरावती
आणि रिपोर्टात "इन्सिडेंटल" लिहिताना खाली एक ओळ जास्त लिहाल का, की शुगर असेल तर दाखवून घ्या? आमच्यासारख्यांना रिपोर्ट हातात देतात आणि डॉक्टर भेटतो तीन दिवसांनी.

फिल्मरीडर
सगळ्यांच्या रिपोर्टात लिहिली तर निम्मं शहर घाबरेल, ताई. पण फॉर्मवर शुगर किंवा स्टेरॉइडचा उल्लेख असेल तिथे लिहायला हरकत नाही. अडचण अशी की फॉर्मवर बहुतेक वेळा "हेडेक" एवढाच एक शब्द असतो. पुढच्या वेळी कोणाचाही स्कॅन असेल तर काउंटरवर शुगर, चालू औषधं, दातांची कामं, नुकती झालेली सर्दी हे सगळं स्वतःहून लिहायला लावा.

बापू_इचलकरंजी
वाफारा चालू ठेवला तर चालेल ना पण?

फिल्मरीडर
घ्या काका, बरं वाटतं. फक्त पातेल्यावर वाकून घेऊ नका, भाजलेले लोक कॅज्युअल्टीत येतात. त्यापेक्षा मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पाणी मात्र उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं नको.